नवा जॅक म्हणून चौदाशे घेतले, निघाला खिशातला कचरा

पावसाळ्याच्या सुरुवातीला माझा फोन नखरे करायला लागला. केबल दाबून धरली तरच चार्जिंग व्हायचं, सोडली की बंद. पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात दाखवला. दुकानदाराने केबल लावल्यासारखी केली, मान हलवली आणि म्हणाला, "चार्जिंगचा जॅक गेलाय काका, जॅकचं बोर्ड बदलावं लागेल. चौदाशे." फोन आत गेला, वीस मिनिटांनी बाहेर आला. चार्जिंग झकास! मी पैसे दिले. जुना सुटा भाग मागायचं सुचलंच नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तेच. शिवाय आता नवीनच तऱ्हा: केबल एका बाजूने घातली तरच चार्ज व्हायचं, उलटी केली की नाही. टाइप-सी तर दोन्हीकडून चालायला हवी. या वेळी भाच्याकडे गेलो, तो हेच काम करतो. त्याने टॉर्च मारला आणि हसला. जॅकच्या तळाशी धाग्यांचा घट्ट बोळा बसला होता. रोज केबल घालताना आपणच तो ठासत असतो. मग केबल पुरती आत जात नाही, तिचा धातूचा भाग थोडा बाहेर दिसत राहतो. तीच केबल दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहिली की फरक लगेच कळतो.

खरी गंमत पुढे. जॅकच्या कडेला माझ्याच किल्ल्यांमुळे पडलेला जुना पोचा तसाच होता. म्हणजे काहीच बदललं नव्हतं! आणि मधल्या पातळ जिभेवर, जिच्या दोन्ही अंगांना बारा-बारा संपर्कपट्ट्या असतात, एका बाजूला ओरखडे. दुकानदाराने बहुधा टाचणीने कचरा उकरला होता. वरचा मुलामा खरवडला गेला, तिथे पावसाळी ओल लागली आणि ती बाजू गेली.

भाच्याने फोन बंद केला. लाकडी दातकोरणीचं टोक ब्लेडने चपटं केलं. जिभेला न लावता, बाहेरच्या भिंतीलगत तळाच्या कोपऱ्यात घालून कचरा हलकेच बाहेर ओढला, आत ढकलला नाही. चार-पाच वेळा तसं केल्यावर करड्या रंगाचं गाठोडं निघालं, माझ्या सुती पँटच्या खिशाचं. मी फुंकर मारायला वाकलो तर ओरडला: तोंडातली वाफ आत जाते, आणि ठासलेला कचरा फुंकरीने हलतही नाही. टाचणी, सुई, सिमकार्डाची पिन यांना तर त्याच्याकडे बंदीच आहे.

केबल आता खटकन बसते, दाबून धरावी लागत नाही. पण उलटी बाजू मेली ती मेलीच, ती साफ करून परत येत नाही. चौदाशे देऊन चांगला जॅक बिघडवून घेतला मी. आता खरोखरच बदलावा लागणार आहे, आणि या वेळी मी काउंटरपाशीच उभा राहून जुना जॅक हातात घेणार आहे.