व्हर्च्युअल इंटर्नशिपचं सर्टिफिकेट: काही महिने रेझ्युमेवर राहिल्यानंतर

हा अनुभव दोन महिन्यांच्या एका ऑनलाइन वेब डेव्हलपमेंट इंटर्नशिपचा. नाव देत नाही, कारण याच साच्यातले कार्यक्रम ढिगाने आहेत आणि पुण्यातल्या इंजिनिअरिंग, बीसीए, बीसीएसच्या ग्रुपवर दर सत्राच्या शेवटी त्यांच्याच लिंक फिरतात. कार्यक्रम संपून काही महिने झाले, सर्टिफिकेट हिंजवडी, खराडी, बाणेर अशा सगळीकडच्या कंपन्यांसमोर गेलं. मत स्पष्ट आहे: नुसत्या सर्टिफिकेटला जवळजवळ काही वजन नाही. त्यामागचं काम दाखवता आलं तर त्या कामाला आहे.

आधी कार्यक्रम कसा चालतो ते. गूगल फॉर्म भरला की त्याच दिवशी ऑफर लेटर येतं, मुलाखत होत नाही. मग पाच टास्कची पीडीएफ मिळते: लँडिंग पेज, कॅल्क्युलेटर, टू-डू लिस्ट, हवामान दाखवणारं ॲप आणि स्वतःचा पोर्टफोलिओ. त्यातली तीन सक्तीची. प्रत्येक टास्क झाल्यावर गिटहबची लिंक आणि लिंक्डइनवरच्या पोस्टची लिंक पुन्हा फॉर्ममध्ये टाकायची. शेवटी काहीशे रुपये ‘प्रोसेसिंग फी’ भरली की सर्टिफिकेट.

कोड कुणी वाचतं का, हे पहिल्याच टास्कनंतर कळतं. वाचणारा माणूस असेल तर काहीतरी परत येतंच: मोबाइलवर लेआउट मोडतोय, एपीआयची की कोडमध्ये उघडी पडलीय, हे फंक्शन तोड. इथे एकही शेरा आला नाही. पोस्टची लिंक राहिली तर मात्र मेल लगेच येतो. म्हणजे तपासणी कोडची होत नव्हती, प्रसिद्धीची होत होती.

आता तासांचा हिशोब, कारण कॉलेजमध्ये गाडी इथेच अडते. एआयसीटीईच्या इंटर्नशिप धोरणात एका क्रेडिटमागे साधारण 40 ते 45 तासांचं काम धरलंय. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 पॅटर्नमध्ये इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी इंटर्नशिपला 4 क्रेडिट आहेत, म्हणजे 160 ते 180 तास. वरची पाचही टास्क जरा बरं प्रोग्रामिंग येणाऱ्या मुलाची 25-30 तासांत होतात. सर्टिफिकेटवर दोन महिने लिहिलेले असले, तरी लॉगबुकमध्ये आठवड्याला काय केलं हे लिहायला बसलं की तिसऱ्या आठवड्यापुढे मजकूर संपतो. म्हणून फी भरण्याआधी डिपार्टमेंटच्या इंटर्नशिप कोऑर्डिनेटर सरांना किंवा मॅडमना ऑफर लेटर दाखवून घ्या. मागाहून मंजुरी मिळवणं फार जड जातं.

सर्टिफिकेटचा कागद जवळून पाहू. खाली ओळीने लोगो: एमएसएमई, आयएसओ 9001, एआयसीटीई. एमएसएमईचा अर्थ इतकाच, की उद्यम नोंदणी झालेली आहे. ती नोंदणी फुकट असते आणि मालकाने स्वतः दिलेल्या माहितीवर होते. शिकवण्याच्या दर्जाशी तिचा संबंध नाही. आयएसओ 9001 हे कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, तुमच्या कामाचं नाही. एआयसीटीईच्या इंटर्नशिप पोर्टलवर कंपनीची नोंद असेलही, पण म्हणून एआयसीटीईने तुमचं काम तपासलं असं होत नाही. भरतीचं काम रोज करणाऱ्यांना हे ठाऊक असतं. कागदावर लोगोंची गर्दी आणि तुमच्या कामाबद्दल एकही वाक्य नाही, हे बघून ते पुढे जातात.

बघायचा असेल तर सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक बघा. खासगी मर्यादित कंपनीचा हा क्रमांक 21 अक्षरी असतो आणि त्यातच स्थापनेचं साल लिहिलेलं असतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर तो टाकला की कंपनी चालू आहे की बंद, पत्ता कुठला, हे दिसतं. सर्टिफिकेटवर सीआयएन किंवा एलएलपीचा क्रमांक नसेल, नुसतं ब्रँडचं नाव आणि जीमेलचा पत्ता असेल, तर कंपनी म्हणून तिथे कुणी नाही असंच धरा.

क्यूआर कोडचाही भरवसा फार धरू नका. तो स्कॅन केला की त्यांच्याच साइटवरचं एक पान उघडतं. ‘या नावाने सर्टिफिकेट दिलं’ एवढंच त्यातून कळतं. शिवाय साइटच्या डोमेनचं वेळच्या वेळी नूतनीकरण झालं नाही तर तो कोड कुठेच उघडत नाही, आणि नेमकं हेच काही महिन्यांनी घडलं. ऑफर लेटरचा मूळ मेल, टास्कची पीडीएफ, व्हेरिफिकेशनच्या पानाची प्रत हे सगळं कार्यक्रम चालू असतानाच साठवून ठेवा.

सगळ्यात मोठा धोका बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा. मोठ्या आयटी कंपन्यांत जॉइनिंगच्या सुमारास फॉर्म येतो, त्यात आधीच्या नोकऱ्यांचा रकाना असतो. तिथे ही इंटर्नशिप भरली की पडताळणी करणारी एजन्सी कंपनीच्या अधिकृत मेलवर तारखा, हुद्दा, रिपोर्टिंग मॅनेजर विचारते. उत्तर येत नाही आणि अहवालात ‘पडताळणी होऊ शकली नाही’ असा शेरा बसतो. काम खरं केलेलं असूनही खुलासे तुम्हालाच द्यावे लागतात. पगार किंवा स्टायपेंड नव्हता, मॅनेजर नव्हता, तर ते नोकरीच्या रकान्यात भरूच नका. रेझ्युमेवरही ‘अनुभव’ऐवजी ‘प्रोजेक्ट’ किंवा ‘प्रशिक्षण’ या मथळ्याखाली ठेवा. फोरेजसारख्या ठिकाणी मोठ्या कंपन्यांच्या नावाने जे फुकट जॉब सिम्युलेशन मिळतं, त्यालाही हेच लागू: कंपनीचं नाव मोठं असलं तरी तुम्ही तिथे इंटर्न नव्हता.

मग उपयोग कशाचा झाला? पाचातल्या एकाच टास्कचा, हवामानाच्या ॲपचा. बाणेरच्या एका छोट्या प्रॉडक्ट कंपनीत तांत्रिक फेरीला रेपॉझिटरी उघडली गेली आणि पहिली नजर कमिटच्या यादीवर गेली. तुमची यादी तुम्हीच आधी बघून घ्या:

```
git log --reverse --date=short --format="%ad %s"
```

एकाच तारखेची एकच ओळ आणि त्यात `Add files via upload` असेल, तर फाइल ब्राउझरमधून एकगठ्ठा चढवल्या हे लगेच कळतं. गिटहब तो संदेश आपोआप घालतं. कुणाकडून तरी घेतलेला कोडही नेमका असाच दिसतो, त्यामुळे संशयाला जागा होते. दोन-तीन आठवड्यांत पसरलेले छोटे कमिट, ‘शहर सापडलं नाही तर संदेश दाखवला’, ‘की सर्व्हरकडे हलवली’ असे, हे बघूनच प्रश्न सुरू होतात. इंटरनेट गेलं तर ॲप काय करतं? एका मिनिटात शंभर लोकांनी तेच शहर शोधलं तर एपीआयची मर्यादा संपेल, मग? टास्कच्या पीडीएफमध्ये यातलं काहीच नव्हतं. एपीआयचं उत्तर साठवून ठेवणं, त्रुटी हाताळणं, दोन टेस्ट लिहिणं हे कार्यक्रमाबाहेरचं काम होतं आणि चर्चा त्याच्यावरच झाली. सर्टिफिकेटबद्दल कुणी विचारलं नाही.

एवढ्यावरही घ्यायचंच असेल, तर फी भरण्याआधी आयोजकांना मेल करून तीन गोष्टी लेखी विचारा: कोड कोण तपासणार आणि शेरे कुठे मिळणार, काम नापास होऊ शकतं का, आणि पत्रात मी नेमकं काय केलं ते मेंटॉरच्या नावासह लिहून मिळेल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काळजी करू नका, सगळ्यांना मिळतं’ असं आलं, तर ते पैसे वाचवा. तीच पाच टास्क सर्टिफिकेटशिवायही करता येतात.