'मीडियम' लिहिलेल्या तीन पिशव्या आणि अडकलेला ग्राइंडर: सात महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या महिन्यात सकाळी माझा कॉफीचे दाणे दळायचा ग्राइंडर घरघरला, आवाज जड झाला आणि तो मधेच थांबला. मोटर जळाली असं वाटून मी तो उघडला. मोटर ठीक होती. दाणे दळणाऱ्या दातेरी चकत्यांच्या, म्हणजे बर्‍हच्या खाचांमध्ये काळा, चिकट लगदा घट्ट बसला होता आणि त्याला जुन्या तेलाचा खवट वास येत होता. ब्रशने निघेना, म्हणून लाकडी काडीने एकेक खाच कोरून काढली. पाऊण तास गेला त्यात.

कॉफीच्या पिशवीवर लिहिलं होतं 'मीडियम रोस्ट', म्हणजे मध्यम भाजलेले दाणे. आतले दाणे जवळजवळ काळे आणि बोटाला तेल लागेल इतके चकचकीत. विक्रेत्याला फोटोसकट कळवलं. उत्तर आलं की त्यांच्याकडे मीडियम असाच असतो, डार्क याहून काळा असतो. पिशवी उघडलेली असल्यामुळे परत घेणार नाहीत. दोनदा लिहूनही उत्तर बदललं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण ग्राइंडरसाठी सांभाळून घेतलेली पिशवीच ग्राइंडरला नडली. तेलकट दाणे नकोत म्हणून तर मी डार्क टाळून मीडियम घेत होतो.

त्या रागातच मी घरातल्या तिन्ही 'मीडियम' पिशव्या टेबलावर ओतल्या. तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या. पहिल्यातले दाणे फिकट तपकिरी, पृष्ठभाग कोरडा आणि थोडा सुरकुतलेला, मधली चीर फिकट. दुसऱ्यातले नीट तपकिरी, गुळगुळीत, कोरडे. तिसरे ते तेलकट. एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू होत्या.

मग डोळ्यांवर विसंबायचं नाही म्हणून वजन केलं. २०० मिलीचा एकच कप काठोकाठ भरला, वर पट्टी फिरवून सपाट केला आणि काट्यावर ठेवला. पहिली पिशवी ७६ ग्रॅम, दुसरी ६९, तिसरी ६०. दाणा जितका जास्त भाजाल तितकं त्यातलं पाणी आणि इतर पदार्थ वायू होऊन निघून जातात आणि दाणा फुगतो. वजन कमी, आकार मोठा, म्हणून त्याच कपात कमी ग्रॅम बसतात. हलक्या भाजलेल्या दाण्याचं वजन भाजताना साधारण ११ ते १३ टक्के घटतं, गडद भाजलेल्याचं १७ टक्के आणि त्याहूनही जास्त. तिसरी पिशवी मीडियम नाही हे माझ्या काट्यानेच दाखवलं.

दुसरी खूण दाताची. एक दाणा पुढच्या दातांनी चावून पाहा. पहिल्या पिशवीतला दाणा इतका टणक होता की दाढेखाली घ्यावा लागला, आणि तुकडे टोकदार निघाले. तिसरा नुसता दाबल्यावर भुगा झाला. ग्राइंडर फिरवतानाही हाच फरक हाताला कळतो.

या मोजणीला मर्यादा आहेत. मूळ दाणाच घट्ट किंवा विरळ असू शकतो, आकारही लहानमोठा असतो, त्यामुळे दोन-तीन ग्रॅमच्या फरकावरून काही ठरवू नका. तेलाचंही तसंच. पिशवी जुनी झाली की मध्यम भाजलेल्या दाण्यांवरही तेलाचे ठिपके येतात, म्हणून तेल दिसलं की आधी भाजल्याची तारीख पाहायची. माझ्या पिशवीला भाजून फक्त नऊ दिवस झाले होते आणि दाणे सगळीकडून चकचकीत होते. एवढं तेल नऊ दिवसांत येतं ते गडद भाजल्यामुळेच.

भाजणाऱ्याच्या कामात हद्दी खरं तर स्पष्ट असतात. दाण्याचं तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की तो तडतडतो, मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा. हा फर्स्ट क्रॅक. पुढे साधारण २२५ अंशांच्या जवळ दुसरा आवाज येतो, पहिल्यापेक्षा बारीक आणि घाईचा. हा सेकंड क्रॅक. त्यानंतर तेल पृष्ठभागावर यायला लागतं. फर्स्ट क्रॅक संपता संपता किंवा त्यानंतर लगेच काढलेला दाणा लाइट, दोन्ही आवाजांच्या मधला मीडियम, सेकंड क्रॅकमध्ये शिरलेला डार्क, असं ढोबळ धरता येतं. काही पिशव्यांवर जुनी नावं असतात. 'सिटी' म्हणजे फर्स्ट क्रॅक उरकल्यानंतर, 'फुल सिटी' म्हणजे सेकंड क्रॅकच्या उंबरठ्यावर, 'व्हिएन्ना' म्हणजे सेकंड क्रॅकमध्ये, 'फ्रेंच' म्हणजे त्यात खोलवर. विक्रेता ही नावं नीट वापरत असेल तर ती 'मीडियम'पेक्षा जास्त सांगतात. रंग मोजायचं मापही आहे, अ‍ॅगट्रॉन. त्याच्या रंगाच्या चकत्या ९५ पासून २५ पर्यंत असतात, आणि आकडा मोठा तितका दाणा फिकट. पिशवीवर असा आकडा मला एकदाच दिसला. तो अख्ख्या दाण्याचा की दळलेल्या कॉफीचा हे लिहिलेलं नव्हतं, आणि दोन्हींचे आकडे वेगळे येतात.

म्हणजे लेबल बहुतेक वेळा त्या विक्रेत्याच्या स्वतःच्या यादीतली जागा सांगतं. सगळंच गडद भाजणाऱ्याचा मीडियम दुसऱ्याचा डार्क असतो. हे कळल्यावर विक्रेत्याने फसवलं हे माझं म्हणणं मी मागे घेतलं. पण दाणे तेलकट आहेत एवढं पिशवीवर लिहायला हवं होतं, हे माझं मत कायम आहे.

आता चव. इथे सात महिन्यांत माझं मत दोनदा बदललं.

पहिल्या महिन्यात एक 'लाइट' पिशवी आणली होती. आंबट, पातळ, किंचित खारट लागली आणि घोट गिळताच चव संपली. वहीत लिहिलं, 'लाइट परत आणायची नाही.' पिशवी अर्धी तशीच बांधून ठेवली. तीन आठवड्यांनी, टाकायची नाही म्हणून, पुन्हा काढली आणि तेव्हा मी काय केलं होतं ते वहीत पाहिलं. १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी, पाणी ८८ अंश, दळण जाडसर, आणि सगळं पाणी दोन मिनिटं दहा सेकंदांत फिल्टरमधून उतरलेलं. ही सगळी मांडणी मी आधीच्या डार्क पिशवीसाठी बसवलेली होती. लाइट दाणा घट्ट असतो, त्यातलं सगळं पाण्यात सहज उतरत नाही. आम्ल आधी सुटतात, गोडसर आणि कडवट भाग मागून येतो. मी मधेच थांबत होतो.

दळण दोन खुणा बारीक केलं, पाणी उकळीचं घेतलं, कॉफी आणि पाण्याचं माप तेच ठेवलं. आता तीन मिनिटं वीस सेकंद लागले. आंबटपणा होता, पण संत्र्याच्या आंबटपणासारखा, मागे गोडवा ठेवणारा, आणि कप कोमट झाल्यावर जास्त चांगला लागला. मधल्या तीन आठवड्यांचाही यात वाटा असावा, कारण लाइट दाण्यातला वायू सावकाश निघतो आणि भाजल्यानंतर दोन आठवडे तरी थांबलेलं बरं. वहीतली ती ओळ मी खोडली.

यातून एक कसोटी हाती लागली. आंबटपणा टोकदार, खारट आणि लगेच संपणारा असेल तर आधी दळण आणि पाणी बदलून पाहा, दोष तिथेच असण्याची शक्यता जास्त. तो फळासारखा असेल आणि मागे गोडवा राहत असेल तर ती त्या रोस्टचीच चव आहे, आवडो न आवडो. पण दळण बारीक केलं, पाणी उकळीचं घेतलं आणि तरीही कच्च्या शेंगदाण्याची किंवा ओल्या गवताची चव गेली नाही, तर दाणा आतून कच्चा राहिला आहे. त्याला घरी काहीच करता येत नाही.

दुसरं मत डार्कबद्दलचं. डार्क म्हणजे जळका कडवटपणा अशी माझी खात्री होती. गडद भाजताना फळांकडे झुकणारी आम्लं खरंच कमी होतात, आणि दाण्यातल्याच क्लोरोजेनिक आम्लाच्या विघटनातून तयार होणारे पदार्थ पुढे आणखी बदलत जाऊन तो जिभेला धरून राहणारा कडवटपणा आणतात. दाणा कुठला होता याची ओळखही पुसट होते, भाजण्याची चव वर येते. पण डार्क दाणा भुसभुशीत असतो, पाण्यात फार लवकर उतरतो, आणि लाइट जमल्यावर मी त्यावरही उकळतं पाणी ओतत होतो. ८६ अंश पाणी आणि जाड दळण घेतल्यावर राखेची चव गेली, जड आणि काळ्या चॉकलेटसारखी चव राहिली. दुधात तर हीच टिकते. माझा लाइट दुधात नुसता आंबट आणि फिका लागला.

मीडियमबद्दल कमी लिहितो, कारण तो चुका पोटात घालतो. दुसऱ्या पिशवीची, ६९ ग्रॅमवाल्या खऱ्या मीडियमची कॉफी ९२-९३ अंशांना पहिल्याच दिवशी जमली. आंबटपणा सौम्य, भाजलेल्या बदामासारखा गोडसर वास, कडवटपणा शेवटी थोडा.

पिशवीवरचा 'स्ट्रेंथ' १ ते ५ हा आकडा रोस्टचा म्हणून वाचू नका. तो बहुतेक वेळा कडवटपणा आणि जडपणा सांगतो, कॅफीन नाही. वजनाने मोजलं तर लाइट आणि डार्कमधलं कॅफीन जवळपास सारखंच. चमच्याने मोजाल तर लाइटमध्ये जास्त येतं, कारण त्या चमच्यात ग्रॅम जास्त बसतात. माझ्या कपात ७६ आणि ६० चा फरक पडला तो हाच.

आता नवी पिशवी आली की भाजल्याची तारीख पाहतो, दाणे पांढऱ्या कागदावर पसरतो, कप भरून वजन करतो आणि तो आकडा पेनाने पिशवीवर लिहितो. ७४ च्या वर आला तर उकळीचं पाणी आणि बारीक दळण, ६३ च्या खाली आला तर ८६-८७ अंश आणि जाड दळण, मधल्यांना ९२. हे आकडे माझ्या कपाचे आहेत, तुमच्या कपावर तुमचे बसवा.

तेलकट पिशवी टाकली नाही. एका वेळी ६० ग्रॅम अगदी जाड दळून रात्रभर गार पाण्यात भिजवतो, सकाळी गाळतो. गार पाण्यात तिचा कडवटपणा बराच मऊ होतो. प्रत्येक दळणानंतर बर्‍ह काढून कोरड्या ब्रशने झाडतो. अजून साधारण २०० ग्रॅम उरली आहे, आणि ती संपेपर्यंत कोरडे दाणे त्या ग्राइंडरमध्ये घालणार नाही.