गुणांची पांगापांग: कमाल-किमान, चतुर्थक की प्रमाण विचलन?

गेल्या आठवड्यात शाळेत नव्याने आलेल्या गणिताच्या बाईंनी विचारलं, "सर, निकालाच्या तक्त्यात सरासरीच्या शेजारी काय लिहू? वर्ग किती पांगलाय ते एका आकड्यात दिसायला हवं." मी तिन्ही आकडे वापरून झालोय, त्यामुळे उत्तर देताना तटस्थ राहणं मला जमलं नाही. इथेही जमेल असं वाटत नाही.

डिचोलीत मी दहावीच्या सरावाच्या दोन बॅच घेतो, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, दोन्हींत दहा-दहा मुलं. पावसाळ्यातल्या पहिल्या चाचणीचे शंभरपैकी गुण असे होते:

सकाळ: ३०, ५५, ५८, ५८, ६०, ६०, ६२, ६२, ६५, ९०
संध्याकाळ: ३०, ३२, ३८, ४२, ६०, ६०, ७८, ८२, ८८, ९०

दोन्हींची सरासरी ६०. सर्वांत जास्त ९०, सर्वांत कमी ३०, म्हणजे कमाल-किमान फरकही दोन्हीकडे ६०. तक्त्यावर बॅच जुळ्या बहिणी दिसतात. प्रत्यक्षात सकाळी एकच उदाहरण फळ्यावर घेतलं की आठ मुलांना पुरतं, आणि संध्याकाळी अर्ध्यांना ते फार सोपं तर अर्ध्यांना डोक्यावरून. कमाल-किमानचा निकाल इथेच लागला. तो आकडा दोन मुलांवर उभा असतो, मधल्या आठांना तो विचारतच नाही.

खरी चुरस उरलेल्या दोघांत आहे.

चतुर्थक अंतर मी दोन वर्षं वापरलं आणि मनापासून वापरलं. गुण चढत्या क्रमाने लावायचे, खालच्या पाच मुलांचा मधला गुण घ्यायचा, वरच्या पाचांचा मधला घ्यायचा आणि वजाबाकी करायची. सकाळी ६२ वजा ५८, म्हणजे ४. संध्याकाळी ८२ वजा ३८, म्हणजे ४४. दोन बॅचमधला फरक इतका ठसठशीत दुसरं कोणी दाखवत नाही. शिवाय एखादं मूल गैरहजर असताना कुणी चुकून त्याच्यापुढे शून्य भरलं, तरी हा आकडा सहसा फारसा हलत नाही.

बारीकशी कटकट एवढीच की संगणकावर एक्सेलमध्ये `QUARTILE.INC` वापरलं तर संध्याकाळचं उत्तर ४२ येतं आणि `QUARTILE.EXC` वापरलं तर ४७. हाताने केलेलं ४४ तिसरंच. लहान वर्गात असं होतं, कारण पाव भाग नेमका कुठे कापायचा याच्या रीतीच वेगळ्या आहेत. एकच रीत धरली की भागतं.

प्रमाण विचलनाबद्दल तेव्हा माझी तक्रार होती. सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग करायचे, त्यांची सरासरी काढायची आणि वर्गमूळ घ्यायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण वर्ग केल्यामुळे लांबचं मूल फार जड होतं. सरासरीपासून ५ गुण दूर असलेल्याचे २५ धरले जातात आणि ३० गुण दूर असलेल्याचे ९००. सकाळच्या बॅचमध्ये वर्गांची बेरीज १८६६ भरते, त्यातले १८०० फक्त ३० आणि ९० वाल्या दोघांचे. त्यामुळे विचलन १३.७ येतं. त्या दोघांना वगळून पाहिलं तर ते २.९ वर उतरतं. आठ मुलं एकमेकांना खेटून बसलेली असताना १३.७ वाचून कोणाला ते कळेल? म्हणून मी चतुर्थकाकडे वळलो होतो.

मग गणपतीची चवथ आली. सकाळच्या बॅचमधले दोघे वाड्यावरच्या घुमट आरतीच्या पथकात होते. रात्री जागून घरोघर आरत्या, सकाळी झोप, सरावाला दांडी. सुटीनंतरच्या चाचणीत ३० वाल्याला ५ आणि ५५ वाल्याला २० मिळाले. बाकीच्या आठांचे गुण योगायोगाने जिथल्या तिथे राहिले. ५५ वाल्याच्या पेपरावर पहिल्या पानानंतर नुसत्या समासाच्या रेघा ओढलेल्या होत्या.

मी सवयीने चतुर्थक अंतर काढलं. ४! मागच्या वेळेइतकंच. खालच्या पाचांत आता ५, २०, ५८, ५८, ६० होते आणि त्यांचा मधला गुण अजूनही ५८ होता. दोन मुलं दरीत कोसळली आणि माझ्या आवडत्या आकड्याची पापणीही लवली नाही. शाळेच्या चाळीस मुलांच्या वर्गात हाच आकडा खालच्या साधारण दहा जणांना वाऱ्यावर सोडतो. शून्याची चूक जिथे लपते, तिथेच खरोखर बुडणारं मूलही लपतं. ज्या मुलांना जादा तास द्यायचा ती तर त्याच पाव भागात असतात! ही एक गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

प्रमाण विचलन मात्र १३.७ वरून २२.८ वर गेलं. लांबच्या मुलाला जड धरण्याची जी सवय मला खटकायची, तिनेच इथे काम केलं.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हाही आकडा एकटा सोडू नये. संध्याकाळच्या बॅचचं पहिल्या चाचणीतलं विचलन २२.३ आहे. म्हणजे जवळजवळ तेवढंच, पण गोष्ट निराळी. संध्याकाळी वर्गच दोन टोकांना फाटलाय, सकाळी दोघे घसरलेत. विचलन पांगापांग किती ते सांगतं, तिचा आकार सांगत नाही. त्यासाठी मी शेजारी मध्यक लिहितो. संध्याकाळी सरासरी ६० आणि मध्यकही ६०, म्हणजे पांग दोन्ही बाजूंना सारखी आहे. सकाळी मध्यक ६० वरच आहे पण सरासरी ५४ वर आलीय, म्हणजे काहींनी तिला खाली ओढलंय. तेवढं दिसलं की मी यादी उघडतो.

काढायला सोपं आहे:

```
=STDEV.P(B2:B11)
```

`STDEV.S` नको. तो नमुन्यासाठी, आणि इथे अख्खी बॅच समोर आहे. दहा मुलांत फरक पडतो, पहिल्या चाचणीचे १३.७ चे १४.४ होतात. गैरहजर मुलापुढे शून्य न भरता "गैरहजर" लिहा, अक्षरं सूत्र मोजत नाही. प्रमाण विचलन वापरायचं तर ही शिस्त पाळावीच लागते, चतुर्थकात ती चुकली तरी खपते.

ज्यांना फक्त बॅचचा मधला गाभा किती एकसारखा आहे ते पाहून शिकवण्याचा वेग ठरवायचा असेल, त्यांनी चतुर्थक खुशाल ठेवावं. त्या कामाला ते कदाचित सरसच आहे. बाईंना मी माझी वही दाखवली. दुसऱ्या चाचणीपुढे तीन आकडे आहेत: ५४, ६०, २२.८. त्यांनी ते वाचले, क्षणभर थांबल्या आणि विचारलं, "हे खाली ओढणारे दोघे कोण?"