"ऑर्डर कन्फर्म करा" की "₹२,४५० भरा"?

हापूस, कोकम, काजूगर असलं काही साइटवरून विकत असाल तर शेवटच्या बटणावर काय लिहायचं हा प्रश्न येतोच, आणि मी दोन्ही लिहून बघितलंय.

"ऑर्डर कन्फर्म करा" दिसायला सभ्य वाटतं, पैशाचा विषय काढत नाही, त्यामुळे बिचकणारा माणूस ते दाबतो. पण दाबल्यावर त्याला वाटतं झालं काम! पुढे यूपीआय अ‍ॅप उघडलं की तो दचकतो, मागे येतो आणि फोन करतो, "ऑर्डर लागली ना ओ? पैसे पेटी आल्यावर देतो." एप्रिल-मेमध्ये पेंढा घालून पेट्या भरायच्या की हे फोन घ्यायचे? मला खरं सांगायचं तर या फोननीच वैताग आणला, बाकी फरक मी सहन केला असता.

"₹२,४५० भरा" जरा रोखठोक वाटतं आणि काही जण आकडा बघून तिथेच थांबत असतील, नाही म्हणत नाही. पण जो दाबतो त्याला पुढे काय होणार ते माहीत असतं, आणि अ‍ॅपमध्ये तोच आकडा दिसला की शंका राहत नाही.

अट एकच, आकडा शेवटचाच हवा. पेटी २,२०० आणि पुण्याचं कुरियर २५० असेल तर पिनकोड आधी विचारून घ्या. बटणावर २,२०० आणि अ‍ॅपमध्ये २,४५० दिसलं तर गिऱ्हाईक गेलंच म्हणून समजा, शिवाय असं मागाहून रक्कम वाढवणं २०२३ च्या केंद्राच्या डार्क पॅटर्न, म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणाऱ्या साइटवरच्या युक्त्यांविरुद्धच्या, नियमांत बसत नाही. "फक्त ५ मिनिटं शिल्लक"वाला खोटा टायमरही त्यात चालत नाही.

बटणाखालची बारीक ओळ कोणती? "१००% सुरक्षित पेमेंट" सगळेच लिहितात, कोणी वाचत नाही. आंबा घेणाऱ्याची भीती वेगळी असते, म्हणून मी लिहितो "फळ कच्चं येईल, अढीत ४-५ दिवसांत पिकेल. खराब निघालं तर फोटो पाठवा, बदलून देऊ." अर्थात खरंच बदलून देणार असाल तरच लिहा.

अजून एक, आपल्याकडे रेंजचं काही खरं नाही. अ‍ॅपमधून परत येताना पान अडकतं आणि माणूस परत बटण दाबतो. म्हणून एकदा दाबलं की बटण बंद करून त्यावरच "पेमेंट तपासतोय, थांबा" यायला हवं आणि खाली "पैसे कापले गेले असतील तर परत भरू नका, मेसेजची वाट बघा". नुसतं चक्र फिरत ठेवलं तर दोनदा पैसे भरलेले लोक तुम्हालाच फोन करणार.

कॅश ऑन डिलिव्हरी ठेवत असाल तर मात्र तो पर्याय निवडल्यावर बटण बदलून "ऑर्डर करा, पैसे घरी द्या" करा, तिथे "भरा" लिहून काही उपयोग नाही.