पुरुषांचं सूप, बायकांचं सूप: फोटोवरून भाषांतर करणारं अ‍ॅप, आठ महिन्यांनंतर

आठ महिने वापरून तीन तारे देतोय. कापलेल्या दोनांपैकी एक तारा क्योतोच्या एका गल्लीत गेला, त्याचीच गोष्ट आधी सांगतो.

संध्याकाळची वेळ, पायांचे तुकडे पडलेले आणि पोटात कावळे ओरडतायत. एका जुन्या दुकानाच्या दारावर कापडी पडदा, त्यावर एकच मोठं अक्षर: 湯. फोटो काढला. अ‍ॅप म्हणालं, ‘सूप’. आतून वाफही येत होती, मग शंका कसली?

आत गेलो तर आणखी दोन पडदे. निळ्यावर 男湯, लालवर 女湯. पुन्हा फोटो. ‘पुरुषांचं सूप’, ‘स्त्रियांचं सूप’. म्हटलं, आपलं जरा तिखट असेल. गल्ल्यावरच्या आजींना पैसे दिले आणि चमच्याने प्यायची खूण केली. त्या क्षणभर विचारात पडल्या, मग त्यांनी एक छोटा टॉवेल पुढे केला. नॅपकिन समजून मी तो गळ्यात अडकवला आणि ऐटीत निळा पडदा सारला. समोर सहा-सात पुरुष, अंगावर चिंधी नाही. मागे वळून पाहतो तर आजी पोट धरून हसतायत.

झालं होतं ते असं. जपानीत 湯 म्हणजे ‘यू’, गरम पाणी. दारावर लिहिलं की ते सार्वजनिक स्नानगृह, म्हणजे सेंतो. चिनीत हेच अक्षर ‘थांग’, म्हणजे सूप. शेजारी हिरागाना लिपीतलं एखादं अक्षर असतं तरी भाषा जपानी आहे हे अ‍ॅपला कळलं असतं. नुसत्या एकदोन चित्राक्षरांवरून ते कळायचं कसं? माझं सेटिंग ‘भाषा आपोआप ओळखा’वर होतं. फोटोच्या वर बारीक अक्षरांत ‘चिनी (पारंपरिक)’ असं चक्क लिहिलेलं होतं, पण भुकेल्या माणसाला ते कुठलं दिसायला! नंतर भाषा हाताने जपानी निवडून तेच फोटो पुन्हा दाखवले, तर ‘गरम पाणी’ आणि ‘पुरुषांचं स्नानगृह’ असं बरोबर आलं.

तेव्हापासून देशात उतरल्या उतरल्या भाषा ठरवून टाकतो, आणि एकट्या अक्षराऐवजी आजूबाजूचा मजकूरही चौकटीत घेतो. छापील मेनू, स्टेशनवरच्या सूचना, औषधाची पाकिटं यांत अ‍ॅपने क्वचितच दगा दिला. दुसरा तारा मात्र कुंचल्याने लिहिलेल्या पाट्यांसाठी कापलाय. तिथे ते अक्षरच चुकीचं वाचतं, मग भाषा कुठलीही निवडा.

पैसे दिलेच होते, म्हणून अंघोळ करूनच निघालो. बाहेर पडताना आजींनी समोरच्या खानावळीकडे बोट दाखवलं आणि माझीच चमच्याची खूण मला करून दाखवली.