टॉवेल कारखान्याचा ओव्हरहेड खात्यांवर वाटताना: जागा, हॉर्सपॉवर की माणसं?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदारापुढे सध्या एक प्रश्न आहे. सूत रंगवायचं काम स्वतःच्या रंगखात्यात चालू ठेवायचं, की बाहेर जॉबवर्कला द्यायचं? रंगाईचा किलोमागचा खर्च काढायला आम्ही बसलो आणि ओव्हरहेडच्या वाटपापाशीच अडलो. कोणता खर्च कोणत्या आधारावर वाटायचा, यावर रंगखातं महाग दिसतं की स्वस्त, हे ठरतं.

कारखान्यात चार खाती आहेत. रंगखात्याला 2,000 चौरस फूट जागा, 25 हॉर्सपॉवर आणि 8 माणसं आहेत. मागखात्याला 5,000 फूट, 60 हॉर्सपॉवर (दीड हॉर्सपॉवरचे 40 माग) आणि दोन्ही पाळ्या मिळून 44 माणसं. शिलाई-पॅकिंगला 2,500 फूट, 10 हॉर्सपॉवर, 24 माणसं. उरलेले 500 फूट, 5 हॉर्सपॉवर आणि 4 माणसं मेंटेनन्सची. मेंटेनन्स हे सेवा खातं असलं तरी पहिल्या वाटपात त्यालाही वाटा द्यायचा. तो पुढे उत्पादन खात्यांवर टाकणं हे दुसऱ्या टप्प्याचं काम.

जागेच्या आधारात फारसा वाद नाही. महिन्याचं भाडं 80,000 रुपये, म्हणजे फुटाला 8 रुपये. रंगखात्यावर 16,000 आणि मागखात्यावर 40,000 येतात. हेच भाडं माणसांवर वाटलं तर रंगखात्याला फक्त 8,000 लागतील, कारण सुताच्या लडी वाळत घालायला जागा भरपूर लागते, माणसं मोजकीच. भाडं माणसांवर येत नाही, जागेवर येतं. इमारतीच्या विम्यालाही जागाच धरा, मशिनरीच्या विम्याला मात्र मशीनची किंमत.

माणसांची संख्या चहा-पाणी आणि कल्याणाच्या खर्चाला चालते. इथे 16,000 रुपये आणि 80 माणसं, म्हणजे डोई 200. ईएसआय मात्र डोक्यांवर वाटू नका. मालकाचा हिस्सा पगाराच्या 3.25 टक्के असतो, म्हणून आधारही पगाराचाच घ्यायचा. आणि हेमिंगचं काम घरी नेणाऱ्या बायकांना शिलाई खात्याच्या संख्येत धरू नका. त्या कारखान्यातला चहा पीत नाहीत.

खरी गफलत होते ती विजेत. बिलातली युनिटची रक्कम 1,20,000 रुपये होती. कारखानदारांनी डायरीत हॉर्सपॉवरच्या प्रमाणात वाटून ठेवली होती. पण माग दोन पाळ्यांत 16 तास चालतात आणि बाकीची खाती 8 तास. मी हॉर्सपॉवरला तासांनी गुणलं. दिवसाचे एकूण 1,280 हॉर्सपॉवर-तास झाले. दोन्ही वाटपं रुपयांत शेजारी-शेजारी अशी दिसतात:

| खातं | हॉर्सपॉवर | हॉर्सपॉवर × तास |
|---|---|---|
| रंग | 30,000 | 18,750 |
| माग | 72,000 | 90,000 |
| शिलाई-पॅकिंग | 12,000 | 7,500 |
| मेंटेनन्स | 6,000 | 3,750 |

रंगखात्यावर 11,250 रुपये जास्तीचे बसले होते. महिन्याला 9,000 किलो सूत रंगतं, म्हणजे किलोला सव्वा रुपया. जॉबवर्कचा दर आणि स्वतःचा खर्च यांत फरक एवढाच असेल, तर चुकीच्या आधारामुळे चांगलं चाललेलं खातं बंद पडेल.

म्हणून नुसता हॉर्सपॉवर कधी घ्यायचा? सगळी खाती सारखेच तास चालत असतील तेव्हा. शिवाय बिलातल्या स्थिर आकारासाठीही तोच जवळचा, कारण तो आकार मोटर किती तास फिरली यावर नाही, विजेच्या मागणीवर लागतो. जादा ठेवलेली, न चालणारी मोटर युनिटच्या वाटपात मोजायची नाही. हॉर्सपॉवर-तासांनाही मर्यादा आहे: पाटीवरचा हॉर्सपॉवर म्हणजे प्रत्यक्ष लोड नव्हे. रंगखात्यातलं हायड्रो दिवसभर फिरत नाही, लडी पिळण्यापुरतंच चालतं, त्यामुळे 18,750 हा आकडाही थोडा जास्तच असेल.

शंका राहिली तर रंगखात्याच्या लाईनला सबमीटर बसवा आणि एक महिना रोज सकाळी रीडिंग लिहा. मग त्या खात्याच्या विजेला वाटपाचा आधार लागतच नाही, खर्च थेट त्याच्या नावावर पडतो. बॉयलरच्या लाकडाचं तसंच: ते रंगखातंच जाळतं, म्हणून त्याचं बिल चौघांत वाटायचा प्रश्नच नाही.

शेवटच्या हिशोबात एक वजावट मी कारखानदारांना वेगळी लिहून दिली. रंगाई बाहेर दिली तरी शेडचं भाडं चालूच राहणार. ते 16,000 रुपये रंगखात्याच्या खर्चात दिसतात, पण ती जागा दुसऱ्याला भाड्याने गेल्याशिवाय किंवा तिथे माग बसल्याशिवाय वाचत नाहीत. जॉबवर्कच्या दराशी तुलना करताना ते बाजूला काढूनच आकडा धरायचा.