तारे, अभिप्राय की खपाची यादी? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची मराठी प्रत निवडताना

ऑनलाइन दुकानात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ असं मराठीत टाइप केलं की एकाच नावाच्या बऱ्याच प्रती समोर येतात. प्रकाशक वेगळे, मुखपृष्ठं वेगळी, किमतीही वेगळ्या. कारण सरळ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झालं. त्यांचा हा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यानंतर, १९५७ साली प्रकाशित झाला. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रकाशित झालेल्या लेखनावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे २०१७ च्या अखेरीस तो सर्वांना छापायला मोकळा झाला. अनुवादावर मात्र अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. त्यामुळे बाजारातल्या मराठी प्रती केवळ छपाईने वेगळ्या आहेत असं समजू नका, आतला मराठी मजकूरही वेगळा असू शकतो.

अशा वेळी आपण तारे बघतो, चार अभिप्राय वाचतो, ‘बेस्टसेलर’ची पट्टी दिसली की हायसं वाटतं. या तिन्ही खुणा तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. आपल्याला हवी ती चौथी, म्हणजे अनुवाद कसा आहे ही, यातली एकही खूण थेट सांगत नाही. तरी त्यातून बरंच काही काढता येतं.

तारे: आधी संख्या, मग सरासरी

समजा, ‘अ’ प्रतीला ४.९ तारे आहेत, पण मतं फक्त ९. ‘ब’ प्रतीला ४.४ तारे आणि मतं ६४०. नजर ‘अ’वर जाते. पण ९ मतं म्हणजे प्रकाशकाच्या ओळखीची माणसंही असू शकतात, किंवा एकाच वाचनगटाने मिळून घेतलेल्या प्रती.

यावर वहीच्या कोपऱ्यात करता येईल असा हिशेब आहे. दोन्ही प्रतींच्या मतांमध्ये २० काल्पनिक मतं मिळवायची, प्रत्येकी ४.२ ताऱ्यांची, म्हणजे त्या प्रकारच्या पुस्तकांना साधारण जेवढे तारे दिसतात तेवढ्यांची. ‘अ’चं गणित: ९ गुणिले ४.९ म्हणजे ४४.१, त्यात २० गुणिले ४.२ म्हणजे ८४, बेरीज १२८.१, भागिले २९, म्हणजे साधारण ४.४२. ‘ब’चं गणित: ६४० गुणिले ४.४ म्हणजे २८१६, अधिक ८४, म्हणजे २९००, भागिले ६६०, म्हणजे साधारण ४.३९. अर्ध्या ताऱ्याचा फरक होता, तो जवळजवळ मिटला. वीसऐवजी दहाच मतं मिळवली तर ‘अ’ ४.५३ वर राहतो, म्हणजे किती मतं मिळवायची हा शेवटी आपल्या अंदाजाचा भाग आहे. तरी एवढं नक्की कळतं की ‘अ’ची आघाडी नऊ माणसांच्या मतावर उभी आहे.

ॲमेझॉनवर दिसणारा आकडा ही सरळ सरासरी नसते. मत किती ताजं आहे, खरेदीची खातरजमा झाली आहे का, अशा गोष्टी धरून तो काढलेला असतो. एक शब्दही न लिहिता नुसते तारे देता येतात, म्हणून ६४० मतांमागे लिहिलेले अभिप्राय पन्नाससुद्धा नसतील.

गुडरीड्सची तऱ्हा निराळी. तिथे सरासरी सरळ काढली जाते, पण ताऱ्यांचा अर्थ कडक आहे: दोन म्हणजे ‘ठीक’, तीन म्हणजे ‘आवडलं’, पाच म्हणजे ‘अप्रतिम’. त्यामुळे तिथले ३.९ आणि दुकानातले ४.४ शेजारी ठेवून तुलना करू नये. अनुवादित पुस्तकासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की गुडरीड्स एका ग्रंथाच्या सगळ्या आवृत्त्या आणि सगळे अनुवाद एकाच खात्यात धरतं. मराठी प्रतीच्या पानावर दिसणारे तारे बहुतांशी इंग्रजी मूळ वाचणाऱ्यांचे असू शकतात. ग्रंथ वाचावा का, या प्रश्नाला ते उत्तर देतात. कोणती मराठी प्रत घ्यावी, याला नाही.

अभिप्राय: तक्रार कशाची आहे?

निवडीच्या कामाला सगळ्यात जास्त येतात ते लिहिलेले अभिप्राय, पण क्रम उलटा हवा. पाच ताऱ्यांचे अभिप्राय या ग्रंथाच्या बाबतीत बहुधा बाबासाहेबांविषयीच्या कृतज्ञतेचे असतात. ती भावना खरी आहे, पण तिच्यातून प्रत निवडता येत नाही. दोन आणि तीन ताऱ्यांपासून सुरुवात करा, आणि मांडणी ‘नवे आधी’ अशी लावून घ्या, कारण जुन्या छपाईतले दोष नव्यात दुरुस्त झालेले असू शकतात. उलटही होतं: नव्या छपाईत कागद हलका येतो.

वाचताना प्रत्येक तक्रार चारपैकी एका खणात टाकायची: पाठवणी, छपाई, अनुवाद, आशय. समजा ‘ब’ प्रतीवर चौदा नाराज अभिप्राय आहेत. नऊ जण म्हणतात की कोपरे दुमडून आले. तिघे म्हणतात अक्षर बारीक आहे किंवा पानं गायब आहेत. अनुवादावर बोलणारे दोनच. तुम्हाला अनुवाद पारखायचा असेल तर चौदातले बारा बाजूला ठेवता येतात, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचायला हवं असेल तर बारीक अक्षराचा अभिप्राय सगळ्यात मोलाचा ठरतो.

इथेही सरमिसळ होते. दुकानं वेगवेगळ्या स्वरूपाच्या, कधी वेगवेगळ्या प्रकाशकांच्या प्रतींचे अभिप्राय एकत्र दाखवतात. मराठी प्रतीखाली कोणी ‘इंग्रजी सोपं आहे’ असं लिहिलेलं दिसलं, किंवा पानांची संख्या जुळत नसली, तर तो अभिप्राय दुसऱ्याच प्रतीचा आहे. अभिप्रायाखाली `Format` अशी ओळ असेल तर तीही बघावी. `Verified Purchase` या खुणेचा अर्थ एवढाच की वस्तू तिथून विकत घेतली गेली. पुस्तक वाचलं गेलं, असा तिचा अर्थ नाही. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी IS 19000 हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक स्वरूपात आलं. त्याच्या भरवशावर पारख सोडून देता येत नाही.

ज्या अभिप्रायात पान क्रमांक, प्रकरण किंवा एखादा शब्द नमूद असतो, तो एकच अभिप्राय वीस ‘खूप छान’पेक्षा वजनदार धरा.

खपाची यादी: वेग दिसतो, साठा दिसत नाही

`Best Sellers Rank` वारंवार बदलत राहतो आणि त्यात अलीकडच्या विक्रीला मोठं वजन असतं. ‘क्रमांक १’ची पट्टी अनेकदा एखाद्या बारीक उपविभागातली असते, आणि मंद चालणाऱ्या उपविभागात मोजक्या प्रती विकल्या गेल्या तरी पहिला क्रमांक मिळतो. म्हणून उपविभागाचा क्रमांक सोडून सगळ्या पुस्तकांमधला क्रमांक बघावा, आणि आठवडाभराच्या अंतराने दोनतीनदा बघावा. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबरच्या आसपास या ग्रंथाची मागणी वाढते, तेव्हाचा क्रमांक वर्षभराचा समजू नये.

नागपूरकरांना तर ही यादी सगळ्यात अपुरी. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लागणाऱ्या पुस्तकांच्या स्टॉलवरून पिशव्या भरभरून पुस्तकं गावोगावी जातात. ती रोखीतली विक्री कोणत्याही संकेतस्थळाच्या क्रमवारीत धरली जात नाही. ऑनलाइन मागे दिसणारी प्रत तिथे हातोहात खपत असू शकते.

पुस्तकाच्या सुरुवातीचं आवृत्त्यांचं पान यापेक्षा टिकाऊ खूण देतं. पहिली आवृत्ती कधीची आणि पुनर्मुद्रणं किती, हे तिथे असतं. पंधरा वर्षांत आठ पुनर्मुद्रणं झाली असतील तर मागणी सतत आहे. मात्र प्रत्येक वेळी किती प्रती छापल्या हे बहुधा लिहिलेलं नसतं, आणि काही प्रकाशक नुसत्या पुनर्मुद्रणालाही ‘नवी आवृत्ती’ म्हणतात. त्याच पानावर अनुवादकाचं नाव शोधा. ते नसेल तर प्रत कितीही स्वस्त असो, आमच्या मते ती घेऊ नये, कारण मजकूर कोणाचा आणि कोणत्या मुळावरून आला हे कळायला मग मार्गच उरत नाही.

दोन प्रती उरल्या की

तारे आणि अभिप्रायांच्या चाळणीतून दोन प्रती शिल्लक राहिल्या की शेवटची पारख मजकुरावर. या ग्रंथात ती सोपी आहे, कारण त्याचे आठ खंड आहेत आणि परिच्छेदांना क्रमांक आहेत. दोन्ही प्रतींत तीच जागा काढून शेजारी ठेवता येते. ऑनलाइन नमुना पानं असतील तर ठीक, पण ती बहुतेक सुरुवातीचीच असतात. सीताबर्डीवरच्या दुकानात, विदर्भ साहित्य संघाच्या किंवा राजाराम सीताराम दीक्षित वाचनालयाच्या ग्रंथालयात प्रती चाळायला मिळतात का ते विचारून बघा.

उघडायचा तो चौथा खंड. तिथे बाबासाहेब ‘रिलिजन’ आणि ‘धम्म’ यांतला फरक मांडतात: रिलिजन म्हणजे काय, धम्म त्याहून वेगळा कसा, दोन्हींचा हेतू काय. मूळ इंग्रजीत हे दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवले आहेत. मराठी अनुवादकाने एकासाठी ‘धर्म’ आणि दुसऱ्यासाठी ‘धम्म’ असा नेम शेवटपर्यंत पाळला असेल तर युक्तिवाद उभा राहतो. दोन्हींकडे ‘धर्म’ येऊ लागला की वाक्य मराठीत सुरळीत वाटतं, पण विरोध पुसला जातो आणि वाचकाला कळतसुद्धा नाही की काही हरवलं. सलग दहा परिच्छेद तपासले तरी पुरे. शंका आली तर महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या मालेतला अकरावा खंड हाच ग्रंथ आहे, त्याच क्रमांकावर मूळ वाक्य बघता येईल.

दुसरी तपासणी अनुक्रमणिकेची. १९५७ साली आलेल्या पहिल्या इंग्रजी आवृत्तीत बाबासाहेबांची प्रस्तावना नव्हती, ती पुढे उजेडात आली. अभ्यासासाठी प्रत हवी असेल तर प्रस्तावना आहे का आणि शेवटी सूची आहे का, एवढं बघूनच ठरवा. रोजच्या वाचनासाठी घेणाऱ्याने सूचीपेक्षा अक्षराचा आकार आणि बांधणी बघावी.

प्रत ऑनलाइन मागवली तर ती आल्या दिवशीच पानं मोजून घ्या. पुस्तकं बहुधा सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापून एकत्र बांधली जातात, त्यामुळे चूक झाली तर एखादं पान जात नाही, सबंध फॉर्म जातो किंवा दोनदा येतो. ११२ नंतर थेट १२९ आलं, तर आठवा फॉर्म राहिला आहे. ‘पानं गायब’ म्हणणारे ते अभिप्राय बहुधा याचेच असतात: दोष एखाद्या प्रतीचा किंवा एका खेपेचा, अनुवादाचा नव्हे. परत करण्याची मुदत संपायच्या आत क्रमांक चाळले की तीच प्रत बदलून मागता येते.